कोणत्या बाबातली खता

इफ्फतचा डावा हात कोपरातून आता पुरता सरळ होत नाही. डॉक्टर म्हणतात, रोज व्यायाम करा, वर्षभरात फरक पडेल. दिवसातून चार वेळा मी तो हात माझ्या तळव्यावर घेते आणि हळूहळू ताणते. अडीच वर्षांची पोर आहे माझी. रडत नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहते. ते मला सहन होत नाही, म्हणून मी खिडकीकडे बघते.

हे कसं झालं ते मी पुष्कळांना सांगितलंय. सांगते मी एक आणि ऐकणारा आपल्या सोयीने वाक्य फिरवून घेतो. म्हणून लिहून काढतेय.

माझं माहेर तुमसरचं. शाळा मराठी, बी.ए.ही मराठीतच. शफीकशी लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा अरबीतलं मला नमाजपुरतंच येत होतं. शफीक हथखोजला एका कारखान्यात फिटर आहेत. ते सकाळी गेले की दिवस रिकामा. रुआबांध्यात आमच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून मुलींचा एक छोटा मदरसा आहे. भाड्याचं घर, तीन खोल्या, मागे वजूची, म्हणजे नमाजआधी हातपाय धुण्याची, जागा. तिथल्या मोहसिना आपांनी मला हाताशी धरलं. तीन वर्षं त्यांच्याकडे शिकले, सोबत पत्राने डिप्लोमा केला, आणि मग त्यांनीच मला सर्फ शिकवायला बसवलं. सर्फ म्हणजे शब्द घडतो कसा त्याचं शास्त्र.

आपा कामठीच्या. त्या उर्दूच बोलतात. इथे मी त्यांचं बोलणं माझ्या मराठीत उतरवतेय, तेवढी सूट घेते.

त्या शास्त्राशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. अरबीत बहुतेक क्रियापदांचं मूळ तीन अक्षरांचं असतं. ते मूळ वेगवेगळ्या साच्यांतून काढलं की अर्थ वळतो. डिप्लोमाच्या पुस्तकात असे दहा साचे होते, त्यांना एक ते दहा आकडे. मदरशात आकडे चालत नाहीत, तिथे साच्याला बाब म्हणतात आणि प्रत्येक बाबाला नाव असतं. तफईल, मुफाअला, इफआल, इफ्तिआल, इन्फिआल, असं. सुरुवातीला मी सवयीने 'आठवा' म्हणून जायची आणि मुली खुसखुसायच्या, "बाजी, आठवा कोण? पावर हाउस स्टेशनला जाणारा आठ नंबरचा ऑटो का?"

मी त्यांना काचेच्या ग्लासाचं उदाहरण द्यायची. क, स, र हे मूळ. साधं रूप कसरा, म्हणजे त्याने फोडला. तफईलमध्ये घातलं की कस्सरा, त्याने ठिकऱ्या ठिकऱ्या केल्या. इन्फिआलमध्ये घातलं की इन्कसरा, फुटला. फोडणारा गेला. ग्लास आपला फुटला.

"आमच्या घरी सगळे ग्लास इन्फिआलमध्येच फुटतात," अर्शिया म्हणाली होती. पंधरा वर्षांची मुलगी, जीभ धारदार. सगळा वर्ग हसला, मीही हसले. तेव्हा हसता येत होतं.

आता तो दिवस.

थंडीत वजूसाठी पाणी तापवायला मदरशात रॉड आहे. लोखंडी बादलीत रॉड टाकायचा, पाणी कढलं की काढायचा, आणि ती बादली थंड पाण्यात मिसळायला मागे न्यायची. मागे प्लग नाही, म्हणून बादली ठेवायचे वर्गाच्या आणि आपांच्या खोलीच्या मधल्या बोळीत, खाली जमिनीवर. मला हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. मला घरातसुद्धा प्रत्येक कडा, प्रत्येक वायर दिसते. मूल झाल्यापासून माझे डोळे तसेच झालेत. मी आपांना सांगितलं. पहिल्यांदा डिसेंबरात, चहा पिताना: बादली ओट्यावर ठेवू या. "हो, सांगते कामवाल्या बाईला." दुसऱ्यांदा, एका लहान मुलीची ओढणी रॉडच्या वायरीत अडकली तेव्हा. "बघते." तिसऱ्यांदा त्या आठवड्याच्या सोमवारी, अगदी बोट दाखवून. आपा जरा वैतागल्या होत्या. "नुजहत, तुला भीतीचा रोगच आहे. इतकी वर्षं तिथेच ठेवतोय."

गुरुवारी अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ताप होता. म्हणून इफ्फतला सोबत नेलं. आपा म्हणाल्या, माझ्या खोलीत खेळू दे, मी बघते. मी वर्गात गेले. आपांकडे कुणीतरी दाखल्यासाठी आलं, त्या त्याला सोडायला दारापर्यंत गेल्या. मुलींनी सांगितलं त्याप्रमाणे दहा मिनिटं तिथेच बोलत उभ्या होत्या. इफ्फत बोळीत आली. बादलीच्या कडीला धरून उभी राहायला गेली.

आवाजाबद्दल मी लिहीत नाही.

दवाखान्यात बावीस दिवस. डावा हात, काख, बरगडीखालचा भाग. शेजारच्या मनकर्णा मावशी रोज डबा आणायच्या. त्यांचे यजमान प्लांटमधून रिटायर झालेले, मावशी बसल्या जागी चार माणसांचं काम करणाऱ्या. अम्मी तापातून उठल्यावर येऊन बसू लागल्या. मदरशाच्या मजलिसचे लोकही आले. मजलिस म्हणजे मदरसा चालवणारी पाच माणसं, त्यांचे सदर, म्हणजे अध्यक्ष, वहाब साहेब, रिटायर फोरमन. भला माणूस. खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "काय करणार बेटी. पाणी सांडलं, पोर भाजली. वेळ होती."

पाणी सांडलं. बादली कलंडली. पोर भाजली. मी तिथे स्टुलावर बसून ऐकत होते आणि मनात प्रत्येक क्रियापदापुढे बाब लिहीत होते. इन्फिआल. इन्फिआल. इन्फिआल. मराठीलाही ते छान जमतं. ठेवली कुणी, सोडली कुणी, हे एकाच्याही वाक्यात नव्हतं.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आपा आल्या. संत्री आणली होती. इफ्फतच्या पट्टीकडे बघून त्यांचे डोळे भरले. खरंच भरले, नाटक नव्हतं. मग म्हणाल्या, "शब-ए-बरात आली. त्याच्या आधीच्या दुपारी मदरशात बैठक आहे. तू ये. मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागणार आहे."

शब-ए-बरात म्हणजे माफीची रात्र, आणि आमच्यात ही रीत आहे. बरातच्या आधी माणसं एकमेकांकडे जाऊन म्हणतात, कहा-सुना माफ करा. मदरशात आपांनी त्याला वर्गाचं रूप दिलंय. सगळ्या मुली गोलात बसतात, प्रत्येक जण शेजारणीची माफी मागते, शेवटी शिकवणाऱ्या बायका मुलींची मागतात, मग कुराणातल्या सूरह बकराची, म्हणजे त्या अध्यायाची, अखेरची आयत सगळ्या मिळून म्हणतात. उत्तर ठरलेलं असतं, "माफ केलं." कुणी पेन्सिल चोरलेली असते, कुणी चुगली केलेली असते. आजवर कुणी दुसरं उत्तर दिलेलं मला माहीत नाही.

"आपा," मी म्हटलं, "त्या वेळी तुम्ही हे सांगाल का की मी बादलीचं तीनदा बोलले होते?"

त्यांनी संत्र्याची पिशवी खाली ठेवली. "त्याने काय होणार? पोरीचा हात बरा होणार?"

"नाही होणार."

"मग?"

"मग नुसतं सांगा."

त्या उठल्या. दाराशी म्हणाल्या, "तू ये बाळा. मन हलकं होईल."

त्या गेल्यावर अम्मींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणत होती आपा?"

"माफी मागणार आहेत. सगळ्यांसमोर."

"मोठी बाई तुह्यासमोर झुकून राहिली अन् तुले आणखी काय पाहिजे?" अम्मींचा जन्म तुमसरजवळच्या खेड्यातला, त्यांची बोली अजून तिथलीच. "माफ केलं म्हन, संपव."

मला काय पाहिजे होतं ते मी तिथे नीट सांगू शकले नाही. मला एक वाक्य पाहिजे होतं. 'मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.' एवढंच. त्यानंतर मी माफ केलंच असतं, मला तसं वाटत होतं.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी वर्गही घेतला. आपांनीच सांगितलेलं होतं, दुपारी म्हणायची तीच आयत इजरासाठी घे. इजरा म्हणजे शिकलेले नियम प्रत्यक्ष वाक्यावर चालवून बघणं. एकेका क्रियापदाला मुलींनी उभं राहून सांगायचं, मूळ कोणतं, बाब कोणता, आणि त्या बाबाने अर्थाचं काय केलं. त्या एका आयतीत इतके बाब जवळजवळ आहेत की शिकवणाऱ्याला आनंद व्हावा.

पहिलं, युकल्लिफु. तफईल. अल्लाह कुणावरही त्याच्या ताकदीबाहेरचं काम लादत नाही. एक लहान मुलगी बरोबर बोलली.

मग जोडी येते. लहा मा कसबत, व अलैहा मक्तसबत. दोन्ही जागी मूळ एकच, क, स, ब, कमावणं. पण पहिलं साधं, दुसरं इफ्तिआल. मी विचारलं, एकाच मुळाचे दोन साचे का? अर्शिया उठली. "पहिलं चांगल्याचं, बाजी. नुसतं कमावलं तरी नावावर लागलं. दुसरं वाईटाचं. इफ्तिआलमध्ये आपल्यासाठी म्हणून खटपट येते. जे खटपट करून ओढवून घेतलं तेच अंगावर."

"शाबास. जुन्या टीकाकारांनी असंच सांगितलंय."

पुढे तोच खेळ ओझ्याचा. आधी ला तहमिल, साधं रूप, आमच्यावर ओझं ठेवू नकोस. मग ला तुहम्मिलना, तफईल, जे पेलणार नाही ते आम्हाला वाहायला लावू नकोस.

आणि या दोहोंच्या आधी तो तुकडा. रब्बना ला तुआखिज्ना इन नसीना औ अख्तअना. हे आमच्या पालनकर्त्या, आम्ही विसरलो किंवा चुकलो तर आम्हाला धरू नकोस.

"तुआखिज?" मी विचारलं.

"मूळ अ, ख, ज. बाब मुफाअला," सगळ्याच ओरडल्या.

"मुफाअलात बहुतेक वेळा दोन बाजू असतात. इथे मात्र धरणारा एकच. जाब विचारणं. अख्तअना?"

अर्शियाच परत. "मूळ ख, त, अ, ज्यातून खता, म्हणजे चूक. बाब इफआल. आम्ही चुकलो."

"साध्या रूपात घातलं तर?"

"खतिआ. तोही चुकला."

"तसंच चुकला?"

ती थांबली. मला तिथेच थांबता आलं असतं. पुस्तकात पुढचा धडा होता. पण बोळीच्या पलीकडे आपांच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि त्या आत बसून हजेरी लिहीत होत्या, हे मला दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "इफआलमधला चुकणारा नेम नीट धरतो आणि तीर दुसरीकडे जातो. त्याला ते करायचं नव्हतं. साध्या रूपातल्याला माहीत असतं की हे वाईट आहे, तरी करतो. मूळ एक, बाब वेगळा, माणूस वेगळा. या दुआत इफआल आहे."

"बाजी," अर्शिया म्हणाली, "एखाद्याला आधी सांगून ठेवलं असेल, आणि तरी त्याने तसंच ठेवलं, आणि मग झालं. तर तो कोणत्या बाबात?"

कुणी हसलं नाही. चाळीस मुलींना माहीत होतं ती कशाबद्दल विचारते. पलीकडे पेन थांबलेलं होतं.

"घंटा झाली," मी म्हटलं. घंटा झाली नव्हती.

दुपारी मजलिसची माणसं पडद्यापलीकडे बसली. अलीकडे मुली, मी, आपा. इफ्फत माझ्या मांडीवर, हाताला पट्टी. मुलींच्या माफ्या झाल्या. रडणं, हसणं, गळ्यात पडणं. मग आपा उठून माझ्यासमोर येऊन बसल्या, जमिनीवर, शिष्य बसतो तशा. मला ते बघवेना. ज्या बाईने मला अक्षर अन् अक्षर शिकवलं ती माझ्यासमोर गुडघे टेकून.

"नुजहत," त्या म्हणाल्या, "इफ्फतच्या बाबतीत माझ्याकडून खता झाली. अल्लाहसाठी मला माफ कर."

आपांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. पडद्यापलीकडून वहाब साहेब "अल्लाह, अल्लाह" म्हणाले.

"आपा," मी म्हटलं, "कोणत्या बाबातली?"

त्यांना लगेच कळलं. सकाळचा वर्ग त्यांनी ऐकला होता, आणि तो फरक मला त्यांनीच शिकवला होता, चार वर्षांपूर्वी, याच खोलीत. त्यांचा चेहरा लाल झाला.

"इफआल," त्या म्हणाल्या. "मला ते व्हायला नको होतं. माझ्या मनातही नव्हतं."

"मी तीनदा सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी."

"मग?"

"मग काय नुजहत. ऐकलं होतं. कामात राहून गेलं. राहून जाणं म्हणजे जाणूनबुजून भाजणं नव्हे." त्यांचा आवाज शिकवण्याचा झाला, नकळत. "बाब नियतवरून, हेतूवरून ठरतो. माझी नियत पोर भाजण्याची होती, असं तू म्हणतेस का?"

"नाही. पण बादली तिथेच ठेवायची होती. ते राहून गेलं नव्हतं. ते ठरवलं होतं. सोमवारी तुम्ही म्हणालात, इतकी वर्षं तिथेच ठेवतोय."

एक क्षण मला वाटलं, आता म्हणतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात पडद्यामागून वहाब साहेबांनी हाक दिली, "बेटी, वयाने मोठ्या आहेत. माफ केलं म्हण. पोरी बघतायत."

"ही दुआ अल्लाहला म्हणायची आहे, साहेब," मी म्हटलं. "धरू नकोस, असं त्याला म्हणतात. मला नाही."

मी 'माफ केलं' म्हटलं नाही. इफ्फतला उचललं आणि बाहेर आले. मागे कुणीतरी रडायला लागलं, मग दोघी, मग सगळ्याच. त्या आपांसाठी रडत होत्या. माझ्या पोरीसाठी त्यांच्यातली एकही अशी रडलेली मी पाहिली नव्हती. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं, आणि त्याच्यावरून आपांचा आवाज, स्थिर, 'ला युकल्लिफुल्लाहु नफ्सन इल्ला वुसअहा', आणि त्यांच्यामागून चाळीस गळे.

संध्याकाळपर्यंत रुआबांध्यात सगळीकडे झालं होतं. नुजहतने उस्तादाला गुडघ्यावर बसवलं आणि व्याकरण विचारलं. मनकर्णा मावशी भाजी निवडायला येऊन बसल्या.

"काहून वं," त्या म्हणाल्या, "तुमच्यात माफी मागाले बी परीक्षा द्यावी लागते काय? आमच्यात तर देवाले कसंबी बोला, समजते त्याले."

"देवाला समजतं हो मावशी. माणसांचंच अडतं."

"तेबी खरं." त्यांनी वालाच्या शेंगेची शीर ओढली. "पन तिनं ऐकलं होतं म्हनली ना? सगळ्याइसमोर म्हनली. तेच तर तुले पाहिजे होतं."

"हो. पण पुढचं म्हणाल्या नाहीत."

"पुढचं कोन म्हनते बाई," मावशी म्हणाल्या.

रमजानच्या आधी पत्र आलं. मदरशाच्या कोऱ्या कागदावर, हिंदीत, वहाब साहेबांच्या सहीने. मुलांच्या सुरक्षेचा विचार करून ईदनंतर शिकवणाऱ्या कोणत्याही बाईने लहान मूल सोबत आणू नये. ज्यांना हे शक्य नसेल त्यांनी कळवावं, त्यांच्या जागी दुसरी सोय करता येईल. खाली माझं एकटीचं नाव. दुसऱ्या कुणाला लहान मूल नाहीच. बादलीबद्दल एक शब्द नाही. पत्रातलं प्रत्येक वाक्य तसंच होतं, कुणीच काही न केलेलं.

शफीकांनी वाचून घडी घातली. "राहू दे. घरीच शिकव दोन-चार पोरींना." त्यांना वाद जमत नाही. कारखान्यात दिवसभर आवाज ऐकून घरी त्यांना शांतता लागते.

मी मात्र अम्मींसमोर बोलत सुटले. म्हटलं, बघा, मीच बोलले, आणि मलाच काढतायत. तीनदा सांगितलं होतं मी. डिसेंबरात सांगितलं, ओढणी अडकली तेव्हा सांगितलं, सोमवारी बोट दाखवून सांगितलं. त्यांना माहीत होतं. माहीत असून जो करतो तो साध्या रूपातला, त्याला इफआलची पळवाट नाही.

अम्मी इफ्फतला भात भरवत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, कुराणातलं थोडंफार तोंडपाठ आहे तेवढंच.

"तुह्या बाबाचं मले काई समजत नाही," त्या म्हणाल्या. "पन एक सांग. तू तीनदा सांगितलं, म्हंजे तुले माहीत होतं ना, का बादली तिथंच राह्यते?"

"हो. म्हणून तर सांगितलं."

"सोमवारी बी माहीत होतं."

"हो."

"मंग गुरुवारी पोरीले तिथं सोडून तू वर्गात कशी गेली?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होत्या, पुढचा घास कालवता कालवता. उत्तराची वाटही न बघता त्यांनी इफ्फतचं तोंड पुसलं.

मी म्हणू शकले असते, तुम्हाला ताप होता. आपा म्हणाल्या, मी बघते. वर्ग वाट बघत होता. सगळं खरं होतं. आणि तरी आठवलं ते असं: बोळीतून वर्गात जाताना मी ती बादली बघितली होती. वाफ येत होती. प्रत्येक कडा दिसणाऱ्या माझ्या डोळ्यांना ती दिसलीच होती, आणि मी मनात म्हटलं होतं, आता परत बोलले तर आपा चिडतील. पाच मिनिटांनी बघू. मुली उभ्या होत्या, मी खडू घेतला.

राहून गेलं, असं मी म्हणू शकत नाही. ठरवलं होतं.

त्यानंतर नमाजमध्ये बकराची ती आयत मी टाळू लागले, दुसरं काही म्हणायची. अख्तअना म्हणायला तोंड उघडलं की वाटायचं, खोटा बाब सांगतेय, आणि ज्याला सांगतेय त्याला सर्फ येतं.

ईदनंतरच्या आठवड्यात अर्शिया आली. तिच्या आईला माहीत नव्हतं. वर्गात आता आपाच सर्फ घेतात, म्हणाली, छान घेतात. मग वही काढली. "एक शंका आहे बाजी. दुआत तर इफआलच आहे. मग ज्याने जाणूनबुजून केलं त्याने माफी मागायचीच नाही का? त्याच्यासाठी काही शब्दच नाही?"

"आपांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाल्या, ज्यांना जास्त प्रश्न पडतात त्यांनी आधी क्रियापदांच्या रूपांची गर्दान पाठ करावी." तिने तोंड वाकडं केलं.

"शब्द आहे," मी म्हटलं. "सूरह यूसुफ. भावांनी लहान भावाला विहिरीत टाकलं. पुष्कळ वर्षांनी सगळं उघडं पडल्यावर ते बापाला म्हणतात, आमच्यासाठी अल्लाहकडे आमच्या गुन्ह्यांची माफी मागा, इन्ना कुन्ना खातिईन. बाब सांग."

ती ओठांत पुटपुटली. "खातिईन... साध्या रूपातून. इफआल असता तर मुख्तिईन झालं असतं."

"मग ते काय म्हणाले?"

"आम्ही चुकलो असं नाही म्हणाले. आम्हाला माहीत होतं, असं म्हणाले." ती वहीत लिहायला लागली आणि मान वर न करता विचारलं, "मग बापाने माफ केलं?"

"बाप म्हणाला, अस्तग्फिरु. तुमच्यासाठी मी माफी मागेन. इस्तिफआल. मागण्याचा बाब. 'माफ केलं' तो तिथे म्हणाला नाही."

अर्शियाने सगळं उतरवून घेतलं, खाली रेघ मारली, आणि निघून गेली. जाताना तिला विचारावंसं वाटलं की बादली आता कुठे ठेवतात. विचारलं नाही. ऐकून मी काय करणार होते.

दुपारी इफ्फतच्या व्यायामाची वेळ झाली. मी तिला समोर बसवलं, तो हात तळव्यावर घेतला. जखम भरून आलेली कातडी चकचकीत, ताणलेली, धरायला गार. या खेपेला मी खिडकीकडे बघितलं नाही.

"इफ्फत," मी म्हटलं, "मला, तुझ्या अम्मीला, माहीत होतं. बादली गरम आहे, माहीत होतं. तरी तुला तिथे ठेवलं."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. 'बादली' तेवढं तिला कळलं. तिने दुसरा हात उचलून फुंकर मारली, तिला शिकवलंय तशी. "गलम," म्हणाली.

"हो. गरम."

मी हात ताणला. कोपर एका जागी येऊन अडलं, रोज अडतं तिथेच. तिने तोंड वाकडं केलं, पण रडली नाही. मी मोजत राहिले, दहापर्यंत, आणि दहा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.